फोनवर नेट पळतं, हॉटस्पॉटवर लॅपटॉप रांगतो: अडवतंय कोण ते कसं ओळखायचं

तक्रार दर वेळी त्याच शब्दांत येते. "फोनवर नेट मस्त चालतंय, पण हॉटस्पॉट लावला की लॅपटॉपवर नुसतं गोल गोल फिरत बसतं." मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत छोट्या कारखान्यांची नेटवर्कची कामं बघतो, त्यामुळे नात्यातले आणि सोसायटीतले असे फोन आपसूक माझ्याकडेच येतात. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरायला लागल्यापासून तर विचारू नका. जेसीबीने कुठे फायबर तोडली की अख्खी गल्ली हॉटस्पॉटवर येते.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन तक्रारी आल्या. एक इंदिरानगरातल्या शेजारच्या वहिनींची, दुसरी गंगापूर रोडला मावशीकडे अमेरिकेहून आलेल्या मावसभावाची. दोघांचं वाक्य तेच, दोघांचा निष्कर्षही तोच की "कंपनी हॉटस्पॉट मुद्दाम स्लो करते." एकाच्या बाबतीत ते खरं निघालं, दुसऱ्याच्या बाबतीत नाही. हा फरक अर्ध्या तासात घरबसल्या काढता येतो, म्हणून दोन्ही किस्से सविस्तर लिहितो.

वहिनींचा हॉटस्पॉट

वहिनी घरून दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब सांभाळतात. जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख तोंडावर आली आणि घरचं फायबर बंद. त्यांनी फोनचा हॉटस्पॉट लावला. सकाळी तासभर बरं चाललं, दुपारनंतर पोर्टल उघडेचना. फोन हातात घेऊन बघावं तर व्हिडिओ सुरळीत चालतोय. पुन्हा टेबलावर ठेवून लॅपटॉपकडे वळलं की परत गोल चक्र. "भाऊजी, हा फोन मला वेड्यात काढतोय," असं त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यातला एक तपशील महत्त्वाचा होता. रात्री बारानंतर सगळं पूर्ववत होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. घड्याळाच्या काट्यावर सुधारणारी आणि बिघडणारी समस्या दिसली की आधी रोजच्या डेटाचा कोटा बघायचा. त्यांचा प्लॅन रोज २ जीबीचा होता. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून हिशेब सांगतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तीन एमबीचं एखादं साधं वेबपेज उघडायला त्या वेगाने सहा मिनिटांहून जास्त लागतात, आणि तोवर पोर्टल "सेशन संपलं" सांगून मोकळं होतं. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर मात्र तेवढ्यातही जातो, म्हणून नेट "चालू" वाटतं.

आता २ जीबी इतक्या लवकर गेले कुठे? फोनला आपण जेवढं मागतो तेवढंच तो आणतो, निदान मोबाइल डेटावर तरी बऱ्यापैकी हात राखून वागतो. लॅपटॉपला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत. विंडोज अपडेट, वनड्राइव्ह, ब्राउझरमध्ये उघड्या पडलेल्या चाळीस टॅब, सगळे एकदम ताव मारतात. २५ एमबीपीएसचा वेग मिळत असेल तर २ जीबी संपायला अकरा मिनिटंही लागत नाहीत. वहिनींच्या लॅपटॉपवर मागे अपडेट उतरत होतं.

एवढ्यानेही कोडं पूर्ण सुटत नव्हतं. कोटा संपलाय, मग फोनवर व्हिडिओ कसा चालतो? याचं उत्तर त्यांच्या घराच्या रचनेत होतं. त्यांच्या प्लॅनमध्ये फाइव्ह-जी अमर्याद होतं आणि २ जीबीची मर्यादा फोर-जीसाठी होती. हातात फोन घेऊन त्या खिडकीजवळच्या सोफ्यावर बसायच्या, तिथे फाइव्ह-जीची रेंज. हिशेबाचं टेबल आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे. तिथे फोन ठेवला की तो गुपचूप फोर-जीवर उतरायचा, आणि फोर-जीचा कोटा तर दुपारीच संपलेला. हॉटस्पॉट लावण्यासाठी फोन टेबलावर ठेवायचा म्हणून दोष हॉटस्पॉटला जात होता. खरा फरक पडत होता तो खोलीमुळे.

तपासणी सोपी होती. फोन खिडकीत ठेवला, लांब केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, वरच्या पट्टीत 5G दिसतंय याची खात्री केली. पोर्टल लगेच उघडलं. त्यानंतर लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटच्या नावापुढे Properties मध्ये जाऊन Metered connection चालू केलं, म्हणजे विंडोज मोठी अपडेटं त्या जोडणीवर उतरवत नाही. ही खूण प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळी लावावी लागते, आणि फोनमधल्या हॉटस्पॉटचं नाव बदललं की ती पुन्हा लावावी लागते, कारण विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क असतं.

इथे कंपनीने हॉटस्पॉट ओळखून काही केलेलं नव्हतं. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या नेहमीच्या रिचार्जवर आलेल्या दहा तक्रारींतल्या आठ-नऊ अशाच निघतात: कोटा, रेंज, नाहीतर गजबजलेला टॉवर.

मावसभावाचा हॉटस्पॉट

मावसभाऊ सुट्टीवर आला होता, पण रोज संध्याकाळी त्याच्या तिकडच्या ऑफिसच्या मीटिंगा असायच्या. फोनमध्ये अमेरिकेचंच सिम, रोमिंगवर. वेगवान डेटाचा पास त्याने निघण्याआधी घेतलेला. मावशीकडचं फायबर बंद पडलं आणि त्याने हॉटस्पॉट लावला. फोनवर सगळं व्यवस्थित, लॅपटॉपवर मीटिंगमधला चेहरा गोठलेला. "अरे, तुमच्या नाशिकच्या नेटवर्कला झालंय काय?" ही त्याची सुरुवात.

मी नेहमीच्या क्रमाने गेलो. हा क्रम पाळला तर चुकीच्या जागी बोट ठेवलं जात नाही.

पहिली गोष्ट आकडे लिहून काढायची. एकाच जागी, पाच मिनिटांच्या अंतरात, एकाच वेगमापक साइटवर तीन वेळा फोनवर आणि तीन वेळा लॅपटॉपवर मोजायचं. फोनवर २८, २२, ३१ एमबीपीएस आले. लॅपटॉपवर ०.५८, ०.५९, ०.५८. इथेच माझा कान टवकारला. लॅपटॉपचा आकडा कमी होता हे तर आहेच, पण त्याहून बोलका होता त्याचा सपाटपणा. टॉवरवर गर्दी असेल तर वेग वर-खाली होतो. संध्याकाळी पंचवटीत रामकुंडाच्या बाजूला मोजून बघा, एका मिनिटात ९, दुसऱ्यात २, मग ५. कुणीतरी मुद्दाम तोटी आवळली असेल तर आकडा एका ठिकाणी चिकटून बसतो आणि तासाभराने, दुसऱ्या खोलीतही तिथेच सापडतो.

दुसरी गोष्ट फोन आणि लॅपटॉपमधलं अंतर बाद करायचं. वायफाय वगळून यूएसबी केबलने जोडलं. आकडा तोच, ०.५८. म्हणजे वायफायचा पट्टा, शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी, जुनं वायफाय कार्ड यातलं काही नाही. केबल हाताशी नसेल तर ipconfig मध्ये दिसणाऱ्या Default Gateway ला पिंग करा. तो पत्ता म्हणजे तुमचा फोनच. उत्तर काही मिलिसेकंदांत आणि एकही न गळता येत असेल तर फोनपर्यंतचा रस्ता ठीक आहे. तिथेच शंभर-दोनशे मिलिसेकंद लागत असतील तर कंपनीला बोल लावण्याआधी फोन लॅपटॉपजवळ आणा आणि हॉटस्पॉटचा बँड ५ गिगाहर्ट्झ करून बघा.

तिसरी चाचणी लोक हमखास विसरतात: लॅपटॉपच्या जागी दुसरा फोन जोडायचा. मावशीचा फोन त्याच्या हॉटस्पॉटवर जोडला, तिचा स्वतःचा मोबाइल डेटा बंद करून. तिथेही ०.५८. लॅपटॉप निर्दोष सुटला. दुसरा फोन सुसाट चालला असता तर मी लॅपटॉपमधला अँटिव्हायरस, ऑफिसचा व्हीपीएन, मागे चाललेली डाउनलोडं तपासली असती.

उरले दोनच संशयित: फोन स्वतः, किंवा त्यामागची कंपनी. आणि इथे नाशिकच्या टॉवरवर राग काढण्यात अर्थ नव्हता. रोमिंगमध्ये टॉवर इथला असला तरी डेटा सहसा घरच्या कंपनीच्या दारातून बाहेर पडतो. त्याच्या फोनवर स्वतःचा आयपी पत्ता दाखवणारी साइट उघडली तर शहर अमेरिकेतलं आलं. पिंगला ३०० मिलिसेकंदांच्या आसपास लागत होते, कारण डेटाचं प्रत्येक पाकीट गंगापूर रोडहून समुद्रापार जाऊन परत येत होतं. म्हणजे तोटी आवळलेली असेल तर ती तिकडे, त्याच्या कंपनीच्या गेटवेवर.

कंपनीला कळतं कसं?

फोन हॉटस्पॉटसाठी छोट्या राउटरचं काम करतो. लॅपटॉपची पाकिटं घेतो, त्यांवर स्वतःचा पत्ता चिकटवतो आणि पुढे पाठवतो. मग बाहेरच्याला फोनचं आणि लॅपटॉपचं वेगळं कसं दिसतं? सगळ्यात साधी खूण टीटीएलची.

प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. पाकीट वाट चुकून जन्मभर फिरत राहू नये म्हणून वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पाकीट टाकून देतो. अँड्रॉइड आणि आयफोन स्वतःची पाकिटं ६४ लिहून सोडतात. विंडोज १२८ लिहून सोडतं. आता फोनने स्वतः मागितलेलं पाकीट टॉवरकडे जाताना ६४ असतं. विंडोज लॅपटॉपचं पाकीट आधी फोनमधून गेलं, तिथे एक वजा झालं, आणि १२७ होऊन बाहेर पडलं. मॅकबुक किंवा दुसरा फोन जोडला असेल तर ६४ चं ६३ होतं. कंपनीच्या गेटवेला आत डोकवायचीही गरज नाही. ६४ म्हणजे फोन, ६३ किंवा १२७ म्हणजे मागे अजून कुणीतरी आहे. लग्नाच्या पंगतीत पाहुणा कुणाबरोबर आला हे वाढप्याला चपलेवरून कळावं, तसं.

हे खरंच असं होतंय का, हे तपासता येतं. लॅपटॉपला सुरुवातच ६५ पासून करायला सांगायची. फोनमध्ये एक वजा झाला की ६४ उरतो आणि पाकीट फोनचंच वाटतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट Run as administrator ने उघडून आधी सध्याचा आकडा बघितला, मग बदलला:

```
netsh int ipv4 show global
netsh int ipv4 set global defaultcurhoplimit=65
```

पहिल्या कमांडच्या उत्तरात Default Hop Limit ही ओळ असते, तिथे १२८ दिसतो. लिनक्सवर हेच काम असं होतं:

```
sudo sysctl -w net.ipv4.ip_default_ttl=65
```

मॅकवर:

```
sudo sysctl -w net.inet.ip.ttl=65
```

यात तीन ठिकाणी लोक फसतात. एक, पिंगच्या उत्तरात TTL=५-काहीतरी दिसतो तो आपला नाही. तो समोरच्या सर्व्हरने लावलेल्या आकड्यातून उरलेला भाग आहे. आपला आकडा बदलला का ते तिथे कधीच दिसणार नाही, show global नेच बघायचं. दोन, वरच्या कमांड फक्त आयपीव्ही-फोरसाठी आहेत. हल्ली मोबाइल नेटवर्कवर बराचसा रहदारीचा भाग आयपीव्ही-सिक्सने जातो, तिथे या आकड्याचा हिशेब वेगळा ठेवला जातो आणि फोन लॅपटॉपला स्वतःचा आकडा सुचवूही शकतो. म्हणून काही साइट पळतात आणि काही रांगतात असं विचित्र चित्र दिसतं. चाचणीपुरतं वायफाय अडॅप्टरच्या गुणधर्मांत जाऊन Internet Protocol Version 6 (TCP/IPv6) समोरची खूण काढा, म्हणजे निकाल स्वच्छ मिळेल. तीन, फोन आणि लॅपटॉपच्या मध्ये अजून एक छोटा राउटर असेल तर तोही एक वजा करतो, तेव्हा ६५ च्या ऐवजी ६६ लागतो.

मावसभावाच्या लॅपटॉपवर मी हे केलं, हॉटस्पॉट तोडून पुन्हा जोडला आणि मोजलं: २४, २६, २१. सेटिंग परत १२८ केलं: ०.५८. पुन्हा ६५: २५. तीनदा उलटसुलट करून बघितलं, कारण एकदाच झालेला फरक योगायोगही असू शकतो. आता शंका उरली नाही. कंपनी हॉटस्पॉट ओळखून तोटी आवळत होती, आणि ओळख टीटीएलवरून पटवत होती.

"मग आता ६५ वरच राहू दे की," मावसभाऊ म्हणाला. मी नाही म्हटलं आणि त्याच्या देखत १२८ करून ठेवलं. त्याने घेतलेल्या पासच्या अटी आम्ही दोघांनी मिळून वाचल्या. वेगवान डेटा हा फोनवर वापरायचा होता, हॉटस्पॉट कमी वेगाने मिळेल असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पास घेताना त्याने ते वाचलं नव्हतं, एवढंच. अट लपवलेली नसताना ती चुकवून वापरत राहणं मला पटत नाही, आणि सिम बंद झालं तर बँकेचे ओटीपीही तिथेच अडकतात. शिवाय ही युक्ती कायम टिकतेच असं नाही. टीटीएल ही एक खूण झाली. फोन सहसा ज्याच्या वाटेला जात नाही अशा विंडोज अपडेटच्या सर्व्हरांशी बोलणं, जोडणी सुरू करताना प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाकिटांची थोडी वेगळी ठेवण, या खुणाही गेटवेला वाचता येतात. टीटीएल बदलून फरक पडला नाही तर "हॉटस्पॉट अडवत नाहीत" असं सिद्ध होत नाही, हेही यातूनच आलं.

व्हीपीएनबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. लॅपटॉपवरचा व्हीपीएन आतला मजकूर झाकतो, पण बाहेरचं पाकीट लॅपटॉपचंच असतं. त्याचा टीटीएल १२७ होऊनच बाहेर पडतो, म्हणजे ही खूण जशीच्या तशी उघडी. आणि फोनवर व्हीपीएन लावला तर हॉटस्पॉटवरून जाणारी रहदारी साधारणपणे त्यात शिरतच नाही, ती बाजूने निघून जाते. या दोन गोष्टी कळल्या की चाचणी अजून नेमकी होते. टीटीएल न बदलता फक्त लॅपटॉपचा व्हीपीएन लावून वेग सुधारला, तर आवळणं मजकुराच्या ओळखीवरून चाललंय. व्हिडिओ साइट तेवढ्या मंद आणि बाकी ठीक, हे त्याचं नेहमीचं रूप.

कंपन्या हे का करतात?

टॉवरचा एक भाग जेवढ्या लोकांना पुरतो तो अंदाज फोनच्या वापरावर बांधलेला असतो. छोट्या पडद्यावर कमी दर्जाचा व्हिडिओही खपून जातो, आणि माणूस मधेमधे फोन खिशात ठेवतो. लॅपटॉप आठ तास उघडा असतो, मोठा पडदा मोठा व्हिडिओ मागतो, आणि मागे बॅकअप चालू असतो. "अमर्याद" शब्द विकायचा आणि टॉवरही झेपवायचा, तर कुठेतरी कुंपण घालावं लागतं. हॉटस्पॉटचं कुंपण सगळ्यात सोयीचं, कारण फोनवरच्या माणसाला ते जाणवत नाही.

दुसरं कारण सरळ धंद्याचं आहे. तीच कंपनी घरासाठी वेगळं ब्रॉडबँड विकत असते. फोनच्या अमर्याद प्लॅनवर घरातले चार लॅपटॉप चालले तर ते कोण घेणार? अमेरिकेत व्हेरायझन कंपनी हॉटस्पॉटसाठी महिन्याला २० डॉलर वेगळे घ्यायची, आणि ते न भरता हॉटस्पॉट करून देणारी अ‍ॅप्स अ‍ॅप स्टोअरमध्ये तिच्या ग्राहकांना दिसू नयेत अशी व्यवस्था केल्याबद्दल तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, चौकशी केली. २०१२ मध्ये कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. गंमत म्हणजे त्याचा आधार सगळ्या कंपन्यांना लागू असा नियम नव्हता. तिने विकत घेतलेल्या ७०० मेगाहर्ट्झच्या एका ठराविक पट्ट्यावर "ग्राहकाचं उपकरण आणि अ‍ॅप अडवायचं नाही" अशी अट होती, ती मोडली म्हणून. त्यामुळे तिकडे आजही मोठ्या प्लॅनमध्ये "हॉटस्पॉट इतके जीबी, नंतर कमी वेग" अशी वेगळी ओळ दिसते.

आपल्याकडे ट्रायचा २०१६ चा नियम आहे तो मजकुरावरून वेगळे दर लावायला मनाई करतो. डेटा फोनवर वापरला की लॅपटॉपवर, हा मुद्दा त्यात येत नाही. रोजच्या जीबीच्या साध्या प्लॅनमध्ये कंपनीला तसं करायचं फारसं कारणही नसतं. कोटा लवकर संपला तर तिचं काही बिघडत नाही, उलट एक टॉप-अप विकला जातो. संशय घ्यायचाच असेल तर "अमर्याद" लिहिलेल्या ठिकाणी घ्या.

वेगाचा प्रश्नच नाही, अजिबात चालत नाही

लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला दिसतो, पण No internet. हा प्रकार वेगळा आणि बहुतेकदा बिनपैशात सुटणारा आहे. अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर तो आधी बंद करा, तो हॉटस्पॉटच्या आड येतो. मग Access Point Names मध्ये जा. तिथे APN type नावाचा रकाना असतो. त्यातला dun हा शब्द हॉटस्पॉटसाठीची वेगळी वाट दाखवतो. परदेशातून आणलेल्या किंवा सिम कंपनी बदललेल्या फोनमध्ये हॉटस्पॉटची वाट जुन्या कंपनीच्याच नावावर राहिलेली असते, आणि नवीन कंपनी ती ओळखत नाही. मेन्यूतून Reset to default केलं, फोन एकदा बंद-चालू केला की बहुतेक वेळा काम होतं.

आयफोनवर Personal Hotspot चा पर्यायच दिसेनासा झाला तर मोबाइल डेटाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये सगळ्यात खाली Personal Hotspot चा वेगळा एपीएन रकाना असतो. तो रिकामा असेल तर वर Cellular Data खाली जो एपीएन आहे तोच तिथे लिहा. जिओसाठी jionet, एअरटेलसाठी airtelgprs.com. हे रकाने काही सिमवर कुलूपबंद असतात. तेव्हा मात्र कंपनीशी बोलण्याला पर्याय नाही.

बोलताना "नेट स्लो आहे" म्हणालात तर समोरून फोन बंद करून चालू करायला सांगतील. त्यापेक्षा फोनवरचे तीन आकडे, हॉटस्पॉटवरचे तीन आकडे, यूएसबीवर आणि दुसऱ्या फोनवर काय आलं ते आणि वेळ सांगा, आणि थेट विचारा की या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा आहे का. तक्रार १९८ वर नोंदवून तिचा क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच क्रमांकावरून कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

मावसभावाचं शेवटी असं केलं. रोज चार तास मीटिंगा, व्हिडिओच्या एका तासाला साधारण एक जीबी धरला तर दिवसाला चार जीबी. मावशीचा रिचार्ज रोज दीड जीबीचा, तो पहिल्याच मीटिंगमध्ये आटपला असता. तिच्या सिमवर जास्तीच्या डेटाचा पॅक टाकला, तिचा फोन हॉलमध्ये रस्त्याकडच्या खिडकीत चार्जरला लावून ठेवला आणि लॅपटॉपवर Metered connection केलं. जवळच्या सर्व्हरचा पिंग ४० मिलिसेकंदांच्या खाली आला. अर्थात त्याचं ऑफिस अमेरिकेतच असल्यामुळे त्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता, पण चेहरा गोठायचा थांबला. फक्त त्या चार तासांत मावशीला आलेला प्रत्येक फोन खिडकीत उभं राहून घ्यावा लागायचा, आणि त्याबद्दल ती मला अजून ऐकवते.